पत्ता सापडत नाही

आमच्या युनिटमधून कुणी नोकरी सोडून निघालं की शेवटच्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला त्याचा एक मेल यायचा. मजकूर बहुतेक ठरलेला असे. इथे खूप शिकायला मिळालं, वरिष्ठांनी सांभाळून घेतलं, चूकभूल माफ करा, संपर्कात राहू, आणि खाली मोबाइल नंबर. त्यावर दहा-बारा जणांच्या शुभेच्छा यायच्या, कँटीनमध्ये समोसे आणि पेढे फिरायचे, आणि आठवडाभरात त्या टेबलावर दुसरं कुणी बसलेलं असायचं. सोळा वर्षांत असे कितीतरी मेल मी वाचले, पण त्यांच्यामागे काय धरून चाललेलं असतं ते कधी लक्षात आलं नव्हतं. जाणारा एक असतो, मागे राहणारे पुष्कळ असतात, आणि मेल त्या मागे राहणाऱ्यांसाठी असतो.

युनिटच बंद व्हायचं ठरलं तेव्हा क्वालिटी कंट्रोलची प्रमुख म्हणून असा मेल लिहायचं माझ्याकडे आलं. मी नवा मेल उघडला, ‘टू’च्या रकान्यात आमच्या विभागाचा सामायिक पत्ता टाकला आणि हात थांबला. त्या पत्त्यामागचे सगळे पत्ते माझ्याबरोबरच बंद होणार होते. मागे कुणीच राहणार नव्हतं.

मी पालघरला राहते. पालघरहून गाडीत बसलं की मध्ये उमरोळी, आणि मग बोईसर. तारापूरची औद्योगिक वसाहत म्हणतात ती खरी बोईसरलाच आहे; तारापूर गाव दूर समुद्राकडे. १९६९ साली तिकडे अणुवीज केंद्र सुरू झालं, आणि इकडे रेल्वेच्या पश्चिमेला एमआयडीसी वाढत गेली. औषधं, रंग, कापड, पोलाद. आमचं युनिट औषधांसाठी लागणारा मूळ माल करायचं. गोळ्या नव्हेत, गोळ्यांमध्ये जाते ती पावडर. स्टेशनच्या बाहेर रिक्षात चौथी म्हणून बसायचं, नवापूर नाक्यावरून वळायचं, आणि वाऱ्याची दिशा कुठली आहे ते नाकाला आधी कळायचं. हे वास बाहेरच्या माणसाला सहन होत नाहीत, आणि किनाऱ्यावरच्या गावांनी त्याची मोठी किंमत मोजली आहे. तरीही मी खरं सांगते, त्या वासात माझी सोळा वर्षं गेली, आणि त्याच वासावर आमची घरं चालली.

नोटीस टाइम ऑफिसच्या फळ्यावर लागली. साठ दिवसांची. तेव्हा १९४७चा औद्योगिक विवाद कायदा लागू होता. पन्नास किंवा जास्त कामगार असतील तर बंद करण्याआधी साठ दिवस सरकारला तसं कळवावं लागे, आणि शंभर किंवा जास्त असतील तर नव्वद दिवस आधी अर्ज करून सरकारची परवानगीच घ्यावी लागे. आमच्या मस्टरवर शंभराच्या आत माणसं होती, म्हणून परवानगीचा प्रश्न आला नाही. (२१ नोव्हेंबर २०२५पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, आणि परवानगीसाठीचा शंभरचा आकडा तीनशेवर गेला. आज लहान-मध्यम युनिटमधल्या फार थोड्यांना त्या परवानगीचं संरक्षण आहे.) फळ्यावरची नोटीस इंग्रजीत होती. पहिल्या पाळीचे लोक तिच्यासमोर उभे राहून एकमेकांना विचारत होते, नेमकं काय लिहिलंय?

कारखाना एका दिवसात बंद पडत नाही. आधी नवा कच्चा माल यायचा थांबतो. मग रिअ‍ॅक्टरमध्ये चढलेल्या बॅचेस एकेक करून उतरतात. शेवटची बॅच सेंट्रिफ्यूजमधून ड्रायरमध्ये जाते, ड्रायरमधून चाळणीत, चाळणीतून दुहेरी प्लास्टिकच्या पिशव्या घातलेल्या निळ्या ड्रममध्ये. प्रॉडक्शनवाल्यांचं काम तिथे संपतं आणि ते सगळ्यात आधी घरी जातात. मग टाक्या धुणं, पाइपातलं सॉल्व्हंट काढणं, बॉयलर थंड करणं, म्हणजे मेंटेनन्स. लॅबचं काम मागून चालूच असतं, कारण माल तयार झाला तरी तपासल्याशिवाय बाहेर जात नाही. सुकवल्यावर किती ओल राहिली, सॉल्व्हंटचा अंश किती, शुद्धता किती. म्हणून दिवा मालवायची वेळ येते तेव्हा आत दोनच विभाग उरतात, लॅब आणि गेटवरचे वॉचमन.

हे सांगायचं कारण असं की माणसंही अशीच टप्प्याटप्प्यानं गेली, आणि माणसांबरोबर त्यांचे पत्ते. एचआरकडून त्या दिवशी मोकळ्या होणाऱ्यांची यादी आयटीकडे जायची आणि संध्याकाळी सहाला ते मेल बंद व्हायचे. नोटिशीच्या बेचाळिसाव्या दिवशी मला एका जुन्या बॅचच्या नोंदीबद्दल प्रॉडक्शनच्या शिफ्ट इन्चार्जना काही विचारायचं होतं. हाताच्या सवयीनं मेल टाकला. अर्ध्या मिनिटात तो परत आला: Address not found. आदल्याच दिवशी ते माझ्या टेबलाशी येऊन निरोप घेऊन गेले होते. मला ते माहीत होतं. तरी ती ओळ वाचून पोटात खड्डा पडला. ज्या माणसाबरोबर रात्री दोन वाजता बॅचच्या निकालावरून भांडले होते, त्याचा पत्ता मशीन म्हणत होतं की सापडत नाही.

त्या दिवशी ठरवलं की निरोपाचा मेल शेवटच्या दिवसाची वाट बघत ठेवायचा नाही. आणि तो कंपनीच्या पत्त्यांवर पाठवायचा नाही.

मी एक कोरी वही घेतली आणि विभागाविभागात फिरले. नाव, राहण्याचं गाव, स्वतःचा मोबाइल, स्वतःचा मेल असेल तर तो, आणि हे सगळ्यांना कळलं तर चालेल का. शेवटचा प्रश्न मला आधी सुचला नव्हता. पॅकिंगमधल्या एका मुलीनं सुचवला. ती म्हणाली, “मॅडम, नंबर तुम्हाला देते, पण सगळ्यांना नको.” तिचं बरोबर होतं. ‘टू’मध्ये शंभर पत्ते टाकले की प्रत्येकाचा पत्ता प्रत्येकाकडे जातो, आणि पुढे कुणी त्याचं काय करेल ते आपल्या हातात राहत नाही. म्हणून दोन याद्या झाल्या. एक सगळ्यांची, एक फक्त माझ्याकडची. ज्यांनी नको म्हटलं त्यांना मेल ‘बीसीसी’मध्ये गेला.

वही भरता भरता एक गोष्ट उघडी पडली, आणि ती आधी कळली नसती तर पुष्कळांचं नुकसान झालं असतं. मोबाइल नंबर सांगताना निम्मे सुपरवायझर आणि मेंटेनन्सचे जवळजवळ सगळेजण कंपनीनं दिलेल्या सिमचा नंबर सांगत होते. वर्षानुवर्षं तोच एक नंबर. तोच बँकेत, तोच आधारला, तोच भविष्यनिर्वाह निधीच्या खात्याला. सिम तर शेवटच्या दिवशी हेल्मेट आणि ओळखपत्राबरोबर जमा करायचं होतं. म्हणजे ज्या दिवशी पीएफचे पैसे काढायला निघणार, त्या दिवशी ओटीपी जाणार एका ड्रॉवरमध्ये पडलेल्या सिमवर. त्यातून आधारचा मोबाइल बदलायचा तर त्या वेळी केंद्रावर जाऊन बोट टेकवावं लागायचं, आणि नोंद व्हायला काही दिवस जायचे. पीएफच्या दाव्याचा ओटीपी आधारच्याच नंबरावर येतो. तेव्हा क्रम महत्त्वाचा. आधी स्वतःचं सिम, मग आधार, मग बँक आणि पीएफचं खातं, आणि हे सगळं झाल्यावर कंपनीचं सिम जमा. पुढचे दहा दिवस बोईसर-पालघरच्या आधार केंद्रांवर रांगेत आमचीच माणसं भेटायची.

आता मजकुराकडे येते. आमचा एक तरुण केमिस्ट होता, स्वभावानं उत्साही. त्यानं आपला मेल आधीच लिहून ठेवला होता आणि मला दाखवायला आणला. कुठूनतरी नमुना घेऊन इंग्रजीत लिहिलेला, छान वळणदार. पहिल्याच ओळीत होतं की मी नव्या संधींच्या शोधात पुढे जाण्याचा निर्णय घेतला आहे. मी विचारलं, “निर्णय तू घेतलास?” तो म्हणाला, “मॅडम, असंच लिहितात ना.”

असंच लिहितात, हे खरं. पण आमच्या बाबतीत ते खोटं होतं, आणि त्या खोट्याला पैशांची किंमत होती. युनिट बंद झाल्यामुळे नोकरी गेली तर कायद्यानं नुकसानभरपाई मिळते: पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार, आणि वरचे महिने सहापेक्षा जास्त असतील तर तेही एक वर्ष धरायचं. माणसानं स्वतः राजीनामा दिला तर ही भरपाई मिळत नाही. त्या दिवसांत हिशेबाच्या कागदांबरोबर एक टाइप केलेला कागदही सह्यांसाठी फिरत होता, आणि त्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ असे शब्द होते. काहींनी सही केलीही होती. निरोपाचा मेल म्हणजे कायदेशीर दस्तऐवज नव्हे, हे मला कळतं. पण ज्यानं आपल्या हातानं, आपल्या पत्त्यावरून, शंभर जणांना लिहून कळवलं की मी सोडून जातो आहे, त्याला उद्या उलट सांगायला जड जातं. आणि कायद्याचं राहू द्या. जे झालं नाही ते आपल्याच निरोपात का लिहायचं?

त्या केमिस्टचा आणखी एक समज होता, की तो ‘ऑफिसर’ आहे म्हणून ही भरपाई त्याच्यासाठी नाही. हा समज लॅबमध्ये सगळ्यांचा होता. माझाही, बरीच वर्षं. खरं तर नेमणूकपत्रावर काय पद लिहिलंय ते निर्णायक नसतं. रोजचं मुख्य काम काय ते बघतात. जो स्वतः नमुना तोलतो, द्रावण करतो, मशीनला लावतो, निकाल लिहितो, तो तांत्रिक काम करतो, आणि तांत्रिक काम करणारा कामगाराच्या व्याख्येत येतो. मी येत नव्हते, कारण माझं काम माणसं नेमणं, रजा देणं, सह्या करणं. माझ्या हाताखालचे बहुतेक येत होते.

पॅकिंगमधल्या आमच्या एका दादांचा हिशेब मी त्यांच्याबरोबर बसून केला. तो इथे देते, कारण शंका येते ती नेमकी कुठे, हे त्यातून दिसतं. त्यांची नोकरी अकरा वर्षं सात महिने, म्हणजे बारा वर्षं धरायची. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये. घरभाडं वगैरे सगळे भत्ते धरून महिना १६,०००. तेव्हाच्या कायद्यानं ग्रॅच्युइटी मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर निघायची, आणि महिना सव्वीस दिवसांचा धरायचे. १३,०००ला २६नं भागलं तर दिवसाचे ५००, पंधरा दिवसांचे ७,५००, बारा वर्षांचे ९०,०००. बंदची भरपाई मात्र वेगळी. ती तेव्हा भत्त्यांसकट पगारावर निघायची, आणि तिथे सव्वीसचा भागाकार लागत नसे. सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली ते स्पष्ट केलं होतं. पंधरा दिवस म्हणजे अर्ध्या महिन्याचा पगार, ८,०००. बारा वर्षांचे ९६,०००. दोन्ही मिळून १,८६,०००. दादांच्या हातातल्या कागदावर एकच आकडा होता: ‘ग्रॅच्युइटी व इतर देणी’, ९०,०००. ‘व इतर’ या दोन शब्दांत त्यांचे शहाण्णव हजार बुडाले होते. असा जोडलेला आकडा दिसला की समजावं काहीतरी गळलं आहे. दोन देणी, दोन ओळी, दोन रकमा असायला हव्यात. दादांनी सही केली नाही, कागद परत नेला, आणि आठ दिवसांनी दोन ओळींचा नवा कागद आला. बहुतेकांना मिळालं. ज्यांनी आधी सही केली होती त्यांना मिळायला फार त्रास झाला, आणि दोघांना मिळालंच नाही.

मग मी माझा मेल मराठीत लिहायला घेतला. सोळा वर्षांत कामावर मराठीत लिहिलेला हा माझा पहिला मेल. सुरुवात अशी होती:

“सगळ्यांना नमस्कार. या महिन्याच्या तीस तारखेला आपलं बोईसरचं युनिट बंद होत आहे. आपल्यापैकी कुणी काम सोडलेलं नाही. काम थांबवण्यात आलं आहे. आपण किती दिवस, कुठे आणि काय काम केलं ते या मेलमध्ये खाली नावानिशी लिहिलं आहे. हा मेल जपून ठेवा. छापून घ्या.”

आणि खाली यादी. नाव, विभाग, कधीपासून, आणि एक ओळ. त्या एका ओळीला मला पंधरा दिवस लागले. नुसतं ‘ऑपरेटर’ लिहून भागत नव्हतं. ड्रायर उघडायच्या आधी हाताच्या पाठीनं दाराची ऊब बघून माल सुकला की नाही ते सांगणारे होते, आणि आमचा आकडा नंतर त्यांच्याशी जुळायचा. पहाटेच्या पाळीला मोटारीचा आवाज ऐकून बेअरिंग जाणार म्हणून आधीच कळवणारे होते. कँटीनमध्ये उपवासाचं वेगळं काढून ठेवणारे होते. या गोष्टी कुठल्याही अनुभवपत्रात येत नाहीत, आणि नवीन ठिकाणी मुलाखतीत त्या कशा सांगायच्या ते या माणसांना जमत नाही. म्हणून मी लिहिल्या.

यादी कशाला, असं मला एकदोघांनी विचारलं. माझे सासरे गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाही. पुष्कळ वर्षांनी गिरणी कामगारांना म्हाडाची घरं द्यायची ठरली. अट अशी की १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर तुम्ही गिरणीच्या पटावर होता हे दाखवा. तिकीट नंबर, हजेरीचं कार्ड, पीएफची चिठ्ठी, ईएसआयचा नंबर, काहीतरी. दीड लाखाच्या आसपास अर्ज आले. आमच्या घरी तीन दिवस ट्रंका उपसल्या तेव्हा एक पिवळी पडलेली पावती सापडली. सासरे तोवर गेले होते. वीस वर्षं ज्या खात्यात उभे राहिले तिथे ते होते, हे सांगणारं दुसरं काहीही आमच्याकडे नव्हतं. त्यांच्या खात्यातल्या कुणाचा पत्ताही नव्हता, की जाऊन विचारावं.

आमच्या स्टोअरमधले काका अक्करपट्टीचे. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, त्यातले. वहीत नाव लिहिताना त्यांनी राहण्याच्या गावापुढे आधी जुनं गाव लिहिलं, खोडलं, आणि मग नवं लिहिलं. मी काही बोलले नाही. तेच म्हणाले, “गाव उठतं तेव्हा शेजार उठतो, मॅडम. घर देतात. शेजार कुणी परत मांडून देत नाही.” मग वही माझ्याकडे सरकवून म्हणाले, “हे बरं करताय.”

एक बाब मात्र मेलनं सुटणारी नव्हती. ज्यांना मेलचा पत्ताच नव्हता त्यांचं काय? कंत्राटदारामार्फत आलेली माणसं. ड्रम लोटणारे, टाक्या धुणारे, बागेतले, आणि आमच्या लॅबमध्ये काचेची भांडी धुणाऱ्या मावशी. मावशी वारली पाड्यावरून यायच्या, चौदा वर्षं. भांडं धुणं हे लॅबमध्ये खालचं काम समजतात, आणि ते समजणं चुकीचं आहे. फ्लास्कमध्ये साबणाचा अंश राहिला की निकाल चुकतो आणि चूक कुठे झाली ते शोधण्यात आठवडा जातो. मावशी धुतलेला फ्लास्क उजेडासमोर धरायच्या. पाणी काचेवरून सपाट उतरलं तर स्वच्छ, थेंब थेंब चिकटून राहिले तर परत धुवायचा. मापाचे फ्लास्क ओव्हनमध्ये सुकवायचे नसतात, उष्णतेनं त्यांचं माप बिघडू शकतं. हे नव्याने आलेल्या एमएस्सी झालेल्या मुलांना त्याच सांगायच्या. “हा तापवू नको रे बाबा, हा मापाचा हाय.”

या चौदा वर्षांत कंत्राटदार चार वेळा बदलले. मावशी त्याच, सिंक तोच, कंत्राटदार नवा. प्रत्येक वेळी पीएफचं खातं नवं. आणि प्रत्येक कंत्राटदाराकडे पाच वर्षं पुरी व्हायच्या आत नाव बदललं, त्यामुळे ग्रॅच्युइटी कुणीच देणं लागत नाही असं चौघांचंही म्हणणं. फळ्यावरच्या नोटिशीत त्यांचा उल्लेख नव्हता, कारण कागदोपत्री त्या आमच्याकडे कामाला नव्हत्याच. लॅबमधल्या प्रत्येक बॅचचा राखून ठेवलेला नमुना कुठे जाणार, किती वर्षं ठेवायचा, कुणाच्या ताब्यात, हे सगळं ठरलेलं होतं. तो बॅचची मुदत संपल्यानंतरही वर्षभर जपावा लागतो, म्हणून आमचे नमुने पेट्यांत भरून दुसऱ्या युनिटला गेले. मावशींची नोंद कुठेच नव्हती.

मी यादीत त्यांचं नाव घातलं. संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, जे मी चौदा वर्षांत कधी विचारलं नव्हतं, याची मला लाज वाटते. त्यांच्यासारख्या एक्केचाळीस जणांची नावं, कंत्राटदार कोण कोण होते आणि कधीपासून कधीपर्यंत, हेही लिहिलं. मग सबंध मेल मोठ्या अक्षरात छापला आणि टाइम ऑफिसच्या फळ्यावर, त्या इंग्रजी नोटिशीच्या शेजारी लावला. लोकांनी मोबाइलमध्ये त्याचे फोटो काढले. मावशींना वाचता येत नाही. त्यांच्या मुलीनं दुसऱ्या दिवशी येऊन वाचून दाखवलं. मुलगी बोट ठेवून वाचत होती आणि मावशी पदर सावरून सरळ उभ्या होत्या, जणू कुणी त्यांचा फोटो काढत आहे.

मावशींची जुनी खाती एका यूएएनखाली आणायला पुढे सात महिने लागले. चौथ्या कंत्राटदारानं नोकरी सोडल्याची तारीखच भरली नव्हती, आणि ती तारीख नसली तर सगळे पैसे निघत नाहीत. शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिने उलटले की ती तारीख सभासदाला स्वतः पोर्टलवर भरता येते, हे आम्हाला त्या खटाटोपात कळलं. ग्रॅच्युइटीचं मात्र शेवटपर्यंत जमलं नाही. ते व्हायला हवं होतं, आणि मी तेव्हा पुरेशी भांडले नाही.

शेवटच्या दिवशी आम्ही सहा जण होतो. मशीनच्या कॉलममधला बफर पाण्यानं धुऊन काढला, मग कॉलम मिथेनॉलमध्ये ठेवून दोन्ही तोंडांना बुचं लावली. बफर तसाच राहिला तर आत क्षार धरतो आणि कॉलम निकामी होतो. ती मशीन्स विकली जाणार होती, कॉलम कुणी वापरेल की नाही माहीत नव्हतं, तरी कुणाला तसं सोडून जावंसं वाटलं नाही. मग लॉगबुकं बंद केली. आमच्याकडे रिकामी जागा तशी ठेवत नाहीत. उरलेल्या पानावर तिरकी रेघ मारायची, सही करायची, तारीख घालायची, म्हणजे नंतर कुणी काही घुसडू नये. त्या दुपारी आम्ही बावीस लॉगबुकांमध्ये रेघा मारल्या. तो तरुण केमिस्ट शेवटच्या पानापाशी थोडा वेळ पेन धरून बसला होता.

पाच वाजून दहा मिनिटांनी मी मेल पुन्हा एकदा पाठवला, सगळ्यांच्या घरच्या पत्त्यांवर. सहाला आयटीच्या मुलानं माझा पत्ता बंद केला. तोही त्या यादीत होता. स्वतःचा पत्ता त्यानं सगळ्यात शेवटी बंद केला. गेटवर बॅग तपासून घेतली, रजिस्टरमध्ये बाहेर जायची वेळ लिहिली आणि बोईसर स्टेशनला चालत गेले. कूलिंग टॉवरचं पाणी पडायचा आवाज सोळा वर्षं कानात होता. तो थांबल्यावर शेजारच्या कारखान्याचा भोंगा किती जवळ आहे ते पहिल्यांदा कळलं.

घरी पोचेपर्यंत उत्तरं यायला लागली होती. त्यात शुभेच्छा होत्याच, पण जास्त करून कामाचीच उत्तरं होती. कुणी लिहिलं, माझी तारीख चुकली आहे, मार्च नाही, जून. कुणी सरावलीच्या एका कारखान्यात दोन जागा आहेत म्हणून कळवलं. शिफ्ट इन्चार्जनी मी बेचाळिसाव्या दिवशी विचारलेल्या नोंदीचं उत्तर पाठवलं, पूर्ण, बॅच नंबरासकट. आता त्याचा काही उपयोग नव्हता. मी ते ठेवलं आहे.

ती यादी अजून माझ्याकडे आहे. सहा महिन्यांनी एकदा मी ती सगळ्यांना पाठवते आणि बदल विचारते. गेल्या खेपेला चार नंबर बदलले, एक नाव कमी झालं, आणि मावशींच्या मुलीनं स्वतःचा मेलचा पत्ता कळवला.